तिन्ही निकषांनी एकच मॉडेल निवडलं, तरी ते ‘खरं’ का म्हणू नये आणि मग लिहावं काय

प्रश्न: प्रत्येक व्यक्तीची रोज मोजमापं घेतलेला डेटा आहे. त्यावर एकात एक बसणारी तीन मिक्स्ड मॉडेलं चालवली. लाइकलीहूड रेशो टेस्ट, एआयसी, बीआयसी, तिन्हींनी मधलंच मॉडेल निवडलं. प्रबंधात ‘म्हणून हे मॉडेल खरं ठरते’ असं लिहिलं, तर परीक्षकांनी ते वाक्य खोडलं. तिन्ही निकष एकमताने सांगत असतील तर यात चूक काय? आणि निकाल लिहायचा तरी कसा?

उत्तर:

परीक्षकांनी वाक्य खोडलं ते योग्यच केलं. कारण समजायला तुमच्याच जातीचा, पण कोणालाही उघडून पाहता येईल असा डेटा घेऊ. R मधल्या `lme4` पॅकेजबरोबर `sleepstudy` नावाचा डेटा येतो. त्यात १८ माणसं आहेत आणि प्रत्येकाची दिवस ० ते दिवस ९ अशी दहा मोजमापं, म्हणजे एकूण १८० ओळी. मोजलंय काय, तर प्रतिसादाला लागणारा सरासरी वेळ, मिलिसेकंदांत. या गटाला रात्री फक्त तीन तास अंथरुणात राहू दिलं जात होतं. झोप कमी पडत गेली की प्रतिसाद किती मंदावतो, हा प्रश्न.

तुमच्यासारखीच तीन मॉडेलं बसवू. पहिल्यात प्रत्येकाची सुरुवातीची पातळी वेगळी, पण मंदावण्याचा वेग सगळ्यांचा सारखा. दुसऱ्यात वेगही प्रत्येकाचा वेगळा, मात्र पातळी आणि वेग यांच्यात सहसंबंध नाही असं धरलेलं. तिसऱ्यात तो सहसंबंधही मोकळा सोडलेला.

```r
library(lme4)
m1 <- lmer(Reaction ~ Days + (1 | Subject),     sleepstudy, REML = FALSE)
m2 <- lmer(Reaction ~ Days + (Days || Subject), sleepstudy, REML = FALSE)
m3 <- lmer(Reaction ~ Days + (Days | Subject),  sleepstudy, REML = FALSE)
anova(m1, m2, m3)
```

```
     npar    AIC    BIC  deviance   Chisq  Df
m1    4    1802.1 1814.8  1794.1
m2    5    1762.0 1778.0  1752.0   42.075   1
m3    6    1763.9 1783.1  1751.9    0.064   1
```

`m1` वरून `m2` कडे जाताना पी-मूल्य ०.००१ च्या कितीतरी खाली येतं. `m2` वरून `m3` कडे जाताना ते ०.८० आहे. एआयसी आणि बीआयसी दोन्ही `m2` लाच सर्वांत कमी. म्हणजे तुमचंच चित्र.

आता ‘तिन्ही निकषांचं एकमत’ म्हणजे नेमकं काय ते पाहा. तक्त्यात खरी माहिती एकाच स्तंभात आहे, डेव्हियन्सच्या. टेस्ट म्हणजे दोन डेव्हियन्समधला फरक. एआयसी म्हणजे डेव्हियन्स अधिक प्रत्येक पॅरामीटरमागे २. बीआयसी म्हणजे डेव्हियन्स अधिक प्रत्येक पॅरामीटरमागे log(n), इथे log(180) म्हणजे सुमारे ५.१९. मॉडेलं एकात एक बसणारी असतील आणि फरक एकाच पॅरामीटरचा असेल, तर एआयसीने मोठं मॉडेल निवडणं म्हणजे काय-वर्ग २ च्या वर जाणं, अर्थात पी-मूल्य ०.१५७ च्या खाली असणं. बीआयसीचा उंबरठा इथे ५.१९, म्हणजे पी-मूल्य सुमारे ०.०२३. नेहमीच्या टेस्टचा ३.८४. एकाच आकड्याला तीन वेगवेगळ्या उंबरठ्यांशी ताडलं, एवढंच झालं. काय-वर्ग ४२ असेल तर तो तिन्ही ओलांडणार आणि ०.०६ असेल तर एकही ओलांडणार नाही. हे तीन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. म्हणून ‘तिन्ही निकषांनी दुजोरा दिला’ असं लिहू नका. ‘निष्कर्ष दंडाच्या निवडीवर अवलंबून नाही’ असं लिहा. ते खरं आहे आणि उपयोगाचंही.

बीआयसीबद्दल एक आडवं टिपण. तिथला n म्हणजे १८० मोजमापं की १८ माणसं, यावर मिक्स्ड मॉडेलांत एकमत नाही. सॉफ्टवेअर १८० धरतं. १८ धरले तर `m2` आणि `m3` मधलं अंतर ५.१ वरून २.८ वर येतं. निवड बदलत नाही, पण कोणता n धरला ते लिहायला हवं, कारण दुसऱ्या डेटात निवड बदलूही शकते.

‘पण नमुना वाढत गेला की बीआयसी खऱ्या मॉडेलपर्यंत पोचतो ना?’ हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. त्या सिद्धांतात एक अट आहे: खरं मॉडेल तुम्ही तपासलेल्या यादीत असलं पाहिजे. यादीत ते नसेल, तर बीआयसी यादीतल्या त्यातल्या त्यात जवळच्या मॉडेलाकडे झुकतो आणि तक्ता अगदी असाच दिसतो. एआयसीला मुळात तो प्रश्नच विचारायचा नसतो. याच पद्धतीने नवा डेटा आला तर कोणत्या मॉडेलाचा अंदाज तुलनेने कमी चुकेल, याचा तो अदमास आहे. १७६२.० या आकड्याला स्वतःचा असा अर्थ नाही. अर्थ आहे तो फरकाला, आणि तोही एकाच डेटावर, एकाच प्रतिसाद-चलावर.

आता पहिली पायरी नीट वाचू. `m1` विरुद्ध `m2` या टेस्टमध्ये पी-मूल्य काढताना लहान मॉडेल सर्व बाबतींत बरोबर आहे असं धरलेलं असतं: सरळ रेषा, नॉर्मल वितरण, एका माणसाची दोन दिवसांची रेसिड्युअल एकमेकांपासून स्वतंत्र. काय-वर्ग ४२ आला याचा अर्थ ‘हे सगळं एकत्र धरलं तर असा डेटा येणं फार अवघड’. `m2` बरोबर आहे हे त्यातून निघत नाही. `m1` कुठेतरी कमी पडतं आणि `m2` ने दिलेल्या दिशेला सरकलं की ती कमतरता पुष्कळ भरून निघते, इतकंच निघतं. दुसऱ्या कारणाने आलेला बिघाडही त्याच दिशेला सरकून थोडाफार भरून निघू शकतो. समजा माणसाची आजची थकावट उद्यावर रेंगाळते, म्हणजे लागोपाठच्या दिवसांची रेसिड्युअल एकमेकांशी जोडलेली आहेत. दहाच दिवसांच्या मालिकेत असं रेंगाळणं वर किंवा खाली सरकत जाणाऱ्या रेषेसारखं दिसतं आणि रँडम स्लोप ते आपल्या पोटात घेतो. ४२ मधलं किती खऱ्या वैयक्तिक वेगाचं आणि किती रेंगाळण्याचं, हे या तक्त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी दिवसागणिक सहसंबंध धरणारं मॉडेल यादीत असावं लागतं. ते नव्हतं, तर ‘नव्हतं’ असं लिहावं लागतं.

याच पायरीवर एक तांत्रिक बाब आहे. इथे शून्य-परिकल्पना म्हणजे स्लोपचा व्हेरियन्स शून्य, आणि व्हेरियन्स शून्याखाली जाऊ शकत नाही. पॅरामीटर कक्षेच्या अगदी कडेवर असला की विल्क्सचा १९३८ चा नेहमीचा निकाल जसाच्या तसा लागू पडत नाही. या साध्या प्रसंगात, एकच व्हेरियन्स तपासताना, संदर्भ-वितरण अर्धं शून्यावर आणि अर्धं एका अंशाच्या काय-वर्गाचं असं मिश्र असतं. म्हणून छापलेलं पी-मूल्य निम्मं करायचं. ४२ ला त्याने काही फरक पडत नाही. पण काय-वर्ग ३.० आला असता तर छापलेलं पी-मूल्य ०.०८३ आणि दुरुस्त केलेलं ०.०४२, म्हणजे निष्कर्षच उलटला असता. शंका असेल तर `m1` मधून कृत्रिम डेटा बनवून दोन्ही मॉडेलं पुन्हापुन्हा बसवा आणि काय-वर्गाचं वितरण स्वतः पाहा. टेस्ट कोणत्या वितरणाशी ताडली ते पद्धतीच्या विभागात एका वाक्यात सांगा. `m2` विरुद्ध `m3` या पायरीवर ही अडचण नाही, कारण सहसंबंधाचं शून्य कक्षेच्या मधोमध असतं.

दुसरी पायरी वरवर साधी दिसते, पण गफलती बहुतेक इथेच होतात. `m3` चा एआयसी १.९ ने जास्त आहे. ‘२ च्या आत असलेल्या मॉडेलांनाही बराच आधार असतो’ हे सूत्र पाठ असलेला माणूस लिहितो की `m3` ही तितकंच पटण्याजोगं आहे. डेव्हियन्स पाहा. सहसंबंध मोकळा सोडून तो फक्त ०.०६ ने घटला. एका पॅरामीटरचा दंड २ आणि मिळकत ०.०६, म्हणून अंतर १.९४. एखादा पॅरामीटर पूर्ण निरुपयोगी असला तरी एका पॅरामीटरने मोठं मॉडेल २ च्या पलीकडे जाऊच शकत नाही. `m3` जवळ आहे ते `m2` चंच अंग त्यात असल्यामुळे. त्याला स्वतःचा वेगळा आधार मिळाला म्हणून नव्हे.

उलट बाजूची गफलत याहून महाग पडते: पी-मूल्य ०.८० आलं, `m2` जिंकलं, म्हणून ‘सुरुवातीची पातळी आणि मंदावण्याचा वेग यांचा संबंध नाही’. `m3` वर `confint()` चालवून प्रोफाइल पद्धतीचं विश्वास-अंतर काढलं तर सहसंबंधासाठी ते −०.४८ ते ०.६८ येतं. १८ माणसांत यापेक्षा नेमकं काही हाती लागणं कठीणच. बऱ्यापैकी ऋण ते बऱ्यापैकी धन, काहीही बसतं. शून्य त्या पट्ट्यातला एक बिंदू, एवढंच. ‘पुरावा मिळाला नाही’ आणि ‘नाही असा पुरावा मिळाला’ यांतलं अंतर या एका पट्ट्याने वाचकाला दिसतं. म्हणून पी-मूल्याशेजारी तो पट्टा द्याच.

पण ‘`m2` खरं’ म्हणण्यातली सर्वांत खोल अडचण वेगळीच आहे. `m2` चं म्हणणं दिवस कुठून मोजायचे यावर अवलंबून आहे. शून्य सहसंबंध म्हणजे दिवस ० ची पातळी आणि वेग यांचा शून्य सहसंबंध. दिवसांचं शून्य c दिवसांनी पुढे सरकवलं तर नव्या शून्याशी असलेली पातळी म्हणजे जुनी पातळी अधिक c गुणिले वेग. मग

```
cov(b0 + c*b1, b1) = cov(b0, b1) + c * var(b1)
```

`m3` चे अंदाज घालून पाहू. पातळीचं प्रमाण विचलन २३.८, वेगाचं ५.७, सहसंबंध ०.०८. शून्य दिवस २ वर नेलं तर तोच सहसंबंध सुमारे ०.४९ होतो. मालिकेच्या मध्यावर, म्हणजे ४.५ वर नेलं तर सुमारे ०.७६. माणसं तीच, मोजमापं तीच, रेषाही त्याच. `m3` ला या सरकवण्याने काहीच होत नाही. सहसंबंध मोकळा असल्यामुळे ते स्वतःला जुळवून घेतं आणि त्याचा डेव्हियन्स १७५१.९ वरच राहतो. `m2` मात्र प्रत्येक सरकवणीनंतर वेगळं मॉडेल होतं. मध्यबिंदूवर शून्य सहसंबंधाची सक्ती केली की त्याचा डेव्हियन्स वाढतो, आणि तक्त्यातला विजेता शून्य कुठे ठेवलं यावर ठरू लागतो. चलाला मध्यावर आणून मगच मॉडेल बसवा असा सल्ला सर्रास दिला जातो. तो पाळणारा आणि न पाळणारा असे दोन संशोधक याच डेटावरून विरुद्ध वाक्यं लिहू शकतात: एक म्हणेल संबंध नाही, दुसरा म्हणेल चांगलाच आहे. दोघांचाही हिशेब बरोबर असेल. चुकेल ते फक्त ‘खरं मॉडेल’ हे शब्द लावणं.

म्हणून दोन सवयी लावून घ्या. संख्यात्मक चलावर रँडम स्लोप असताना सहसंबंध काढून टाकायचा असेल, तर शून्य कुठे आहे आणि तिथेच का, ते लिहा. त्या शून्याला विषयाच्या दृष्टीने अर्थ नसेल तर ती तुलना करूच नका. ती करावी लागलीच, तर शून्य एकदा सरकवून निकाल टिकतो का ते पाहा.

इथे शून्याला खरंच काय अर्थ आहे? डेटासोबतची माहिती वाचली तर कळतं की दिवस ० आणि १ सरावाचे आणि रुळण्याचे होते. दिवस २ हा आधाररेषेचा, आणि झोप तोडणं त्यानंतर सुरू झालं. म्हणजे तिन्ही मॉडेलं दिवस ० पासून झोपेच्या अभावाची सरळ रेषा ओढत होती, आणि पहिले दोन दिवस झोपेचा अभाव नव्हताच. ही चूक तिघांत सारखीच असल्यामुळे त्यांच्या आपसातल्या तुलनेत ती दिसणं शक्य नाही. एआयसीतला फरक, काय-वर्ग, पी-मूल्य, कशातही तिचा मागमूस उमटत नाही. तुलना उमेदवारांमध्ये काय वेगळं आहे तेवढंच तपासते. सगळ्यांत जे समान आहे ते ती बिनबोभाट मान्य करते.

मग करायचं काय? दिवस ० आणि १ च्या ओळी काढून मॉडेल पुन्हा बसवता येईल, पण त्याचा एआयसी जुन्या तक्त्यात ठेवता येणार नाही. आता ओळी १४४ आहेत, पूर्वी १८० होत्या. कमी ओळींचा डेव्हियन्स कमी येणारच, आणि त्याला ‘सुधारणा’ समजणं ही नेहमी आढळणारी चूक आहे. (एखाद्या चलात काही नोंदी गाळलेल्या असतील तर हेच नकळत घडतं, कारण ते चल घेणाऱ्या मॉडेलातून त्या ओळी गुपचूप गळतात. प्रत्येक मॉडेलाचा `nobs()` तपासा.) ओळी तशाच ठेवून तुलना करायची असेल तर दिवस २ पर्यंत सपाट आणि पुढे चढणारी रेषा घ्या:

```r
sleepstudy$Dep <- pmax(0, sleepstudy$Days - 2)
m4 <- lmer(Reaction ~ Dep + (Dep | Subject), sleepstudy, REML = FALSE)
```

`m4` आणि `m3` एकमेकांत बसत नाहीत, म्हणून त्यांच्यात लाइकलीहूड रेशो टेस्टचं नेहमीचं पी-मूल्य काढता येत नाही. `anova()` ला दोन्ही दिली तर ती तक्ता छापेल, पण पॅरामीटर सारखेच असल्यामुळे अंशांचा फरक शून्य येईल. एआयसीने तुलना चालते, कारण डेटा आणि प्रतिसाद-चल तेच आहेत. आणि `m4` यादीत येतं ते प्रयोगाच्या रचनेमुळे, ते चांगलं बसो वा न बसो.

प्रतिसाद-चल बदललं तर मात्र थांबा. या डेटाच्या मूळ विश्लेषणात वेळेऐवजी गती, म्हणजे १/वेळ, वापरली होती आणि दिवस हा गटवार चल धरला होता. गतीवर बसवलेल्या मॉडेलाचा एआयसी मिलिसेकंदांच्या एआयसीशेजारी ठेवला तर आकडे निरर्थक ठरतात, कारण मोजपट्टीच वेगळी. दोन्ही एकाच पट्टीवर आणायला १/y च्या मॉडेलाच्या डेव्हियन्समध्ये `4*sum(log(y))` मिळवावे लागतात.

तुलनेबाहेरचीही एक तपासणी लागते: निवडलेलं मॉडेल स्वतः डेटाला कितपत शोभतं? `m2` मधून कृत्रिम डेटा बनवा आणि खऱ्या डेटाशेजारी ठेवा. क्रमांक ३३२ च्या माणसाची मोजमापं पाहा. दिवस ६ ला ४५४ मिलिसेकंद, दुसऱ्या दिवशी ३४७, आणि दिवस ९ ला २५४. कोणत्याही सरळ रेषेभोवती २५.६ मिलिसेकंद प्रमाण विचलनाचं नॉर्मल विखुरणं धरून ४५४ समजावता येत नाही. क्रमांक ३३५ ची रेषा तर किंचित उतरती आहे. रेसिड्युअलचा आलेख माणसागणिक काढला की हे लगेच दिसतं. असा आलेख तक्त्याशेजारी असला की ‘उत्तम बसलेलं’ म्हणजे किती उत्तम, हे वाचक स्वतः ठरवू शकतो.

आता ज्या संख्येसाठी हा सगळा खटाटोप, ती: दर दिवसाला प्रतिसाद किती मंदावतो. `m1`, `m2`, `m3` तिघांतही उत्तर १०.४७ मिलिसेकंद. डेटा पूर्ण संतुलित असल्यामुळे अंदाज हललाच नाही. हलली ती स्टँडर्ड एरर. REML ने `m1` मध्ये ती ०.८०, `m2` मध्ये १.५६ आणि `m3` मध्ये १.५५. या तीन आकड्यांत तुमच्या निकालाचं सार आहे. `m1` की `m2` हा निर्णय फार महत्त्वाचा, कारण माणसांच्या वेगातला फरक दुर्लक्षिला तर अनिश्चितता जवळजवळ निम्मी दाखवली जाते. `m2` की `m3` हा निर्णय या प्रश्नापुरता बिनमहत्त्वाचा, कारण उत्तर तेच राहतं. काय-वर्गाचा तक्ता नुसता दिला तर वाचकाला हे कळत नाही. म्हणून प्रत्येक उमेदवार मॉडेलातला मुख्य अंदाज आणि त्याची स्टँडर्ड एरर तक्त्याच्या शेवटच्या दोन स्तंभांत द्या. मॉडेल-निवडीला ‘सत्य कोणतं’ या प्रश्नापासून सोडवण्याचा याहून सरळ मार्ग मला सापडलेला नाही. (तुलना ML ने करायची आणि अंतिम अंदाज REML ने द्यायचे, हेही नमूद करा. स्थिर परिणाम वेगळे असलेल्या मॉडेलांचे REML डेव्हियन्स ताडायचे नसतात. म्हणूनच REML ने बसवलेली मॉडेलं दिली तर `anova()` स्वतःहून ML ने पुन्हा बसवते आणि तसा संदेश देते.)

अकाईके वजनांबद्दलही सांभाळून लिहा. या तीन मॉडेलांत `m2` चं वजन सुमारे ०.७२ आणि `m3` चं ०.२८. ‘`m2` खरं असण्याची शक्यता ७२ टक्के’ असं वाचन दिसलं की मी ते नेहमी खोडतो. ते वजन या यादीतलं सापेक्ष वजन आहे. उद्या `m4` आणि गटवार दिवसांचं मॉडेल यादीत आलं की वाटणी बदलेल, आणि वस्तुस्थितीत तर काहीच बदललेलं नसेल. इथे दोनच मॉडेलं जवळ आहेत आणि एक दुसऱ्यात बसतं, तेव्हा वजनं न देता एआयसीतला फरक आणि डेव्हियन्समधली घट देणं पुरेसं आहे.

तुमच्या प्रबंधातला परिच्छेद मी साधारण असा लिहीन:

> ‘प्रयोगाच्या रचनेवरून आधीच ठरवलेल्या तीन मॉडेलांची ML ने तुलना केली (n = १८०, १८ व्यक्ती; दिवस ० हा सरावाचा पहिला दिवस). व्यक्तीगणिक वेगळा वेग धरल्याने मॉडेल स्पष्टपणे सुधारले (काय-वर्ग ४२.१, मिश्र संदर्भ-वितरणानुसार p < ०.००१, एआयसी १८०२.१ वरून १७६२.०). पातळी व वेग यांचा सहसंबंध मोकळा सोडल्याने डेव्हियन्स ०.०६ ने घटला (p = ०.८०, एआयसी १७६३.९). या सहसंबंधाबाबत डेटा फारसे सांगत नाही (अंदाज ०.०८, ९५% अंतर −०.४८ ते ०.६८), आणि त्याचे मूल्य दिवसांचे शून्य कुठे धरले यावर अवलंबून आहे. दैनंदिन मंदावण्याचा REML ने काढलेला अंदाज तिन्ही मॉडेलांत १०.४७ मिलिसेकंद, स्टँडर्ड एरर अनुक्रमे ०.८०, १.५६ आणि १.५५. पुढील निष्कर्ष व्यक्तीगणिक वेग धरणाऱ्या मॉडेलावर आधारले आहेत. तपासलेली सर्व मॉडेले दिवस ० पासून सरळ रेषा आणि व्यक्तीअंतर्गत स्वतंत्र रेसिड्युअल धरतात. ही गृहीतके या तुलनेत तपासली गेलेली नाहीत. रेसिड्युअलच्या आलेखात ३३२ क्रमांकाच्या व्यक्तीची मोजमापे मॉडेलाशी जुळत नाहीत.’

या परिच्छेदात ‘खरे’, ‘सिद्ध झाले’, ‘सर्वोत्तम मॉडेल’ हे शब्द नाहीत, आणि त्यांची गरजही भासत नाही. ‘आधीच ठरवलेल्या’ हे शब्द मात्र खरे असतील तरच वापरा. दहा मॉडेलं चालवून तीन दाखवली असतील तर दहाही सांगा, निदान पुरवणीत. ज्या डेटाने मॉडेल निवडलं त्याच डेटावरून विश्वास-अंतर काढलं की ते निवडीची अनिश्चितता मोजत नाही आणि खऱ्यापेक्षा अरुंद निघतं. हे किती बोचतं ते पाहायचं असेल, तर १८ माणसांमधून परत ठेवत १८ माणसं निवडा, प्रत्येकाच्या दहाही ओळी एकत्र ठेवा आणि दोनदा आलेल्या माणसाला वेगळा क्रमांक द्या. मग बसवणं, तुलना आणि निवड ही पूर्ण प्रक्रिया हजार-दोन हजार वेळा चालवा. ओळी सुट्या उचलू नका, नाहीतर माणसामाणसांतला फरकच मोडतो. किती वेळा कोणतं मॉडेल निवडलं गेलं आणि निवडलेल्या मॉडेलांतला दैनंदिन वेगाचा अंदाज किती पसरला, हे दोन्ही द्या. त्या पसाऱ्याची रुंदी १.५६ च्या स्टँडर्ड एररशी जुळली, तर तसं लिहा. ती बरीच जास्त निघाली, तर मुख्य निकालात हीच रुंदी द्या आणि १.५६ पुरवणीत ठेवा.